सेन्सेक्सचा कडा आणि चार्टची स्केल

‘सेन्सेक्सचा पहिल्यापासूनचा चार्ट काढला की आधी नुसतं सपाट माळरान दिसतं आणि शेवटी उभा कडा. इतकं सरळ वर चढलेलं मार्केट धाडकन खाली येणार नाही का?’

येईलही. पण त्या कड्यावरून ते कळत नाही, कारण तो कडा बराचसा स्केलने उभा केलेला आहे.

तीस सेंटिमीटर उंचीचा एक आलेखकागद घ्या. तळाला शून्य, माथ्याला एक लाख. साध्या, म्हणजे रेषीय, स्केलवर प्रत्येक सेंटिमीटर ३,३३३ अंशांचा होतो. सेन्सेक्सचं पायाभूत वर्ष १९७८-७९, तेव्हाची पातळी १००. जुलै १९९० मध्ये तो पहिल्यांदा १,००० ला पोचला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये १०,००० ला. म्हणजे पहिली सत्तावीस वर्षं या कागदाच्या तळच्या तीन सेंटिमीटरमध्ये कोंबली गेली. हर्षद मेहताची तेजी, तो घोटाळा, डॉटकॉमचा फुगा, सगळं तिथेच. १०० चे १,००० झाले तेव्हा ज्याचे पैसे दसपट झाले, त्याच्या वाट्याला कागदावर तीन मिलिमीटरही येत नाहीत. तुम्ही ज्याला माळरान म्हणता ते हे.

आता तोच कागद लॉग स्केलचा करा. इथे समान अंतर म्हणजे समान पट. १०० ते १,००० ला दहा सेंटिमीटर, १,००० ते १०,००० ला दहा आणि १०,००० ते १,००,००० ला दहा. किंमत दुप्पट झाली की रेघ तीन सेंटिमीटर वर जाते, मग ती १०० वरून २०० झालेली असो की ४०,००० वरून ८०,०००. गुंतवणूकदाराच्या खिशाला टक्केच कळतात, अंश कळत नाहीत. त्यामुळे अनेक वर्षांच्या चार्टला हीच स्केल लागते.

दोन घसरणी शेजारी ठेवून बघा. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला आणि ९ मार्च २००९ रोजी ८,१६० वर. घसरण १२,७१३ अंशांची. दुसरी २०२४-२५ मधली: २६ सप्टेंबर २०२४ चा बंद ८५,८३६, तर ४ मार्च २०२५ चा ७२,९९०. घसरण १२,८४६ अंशांची. साध्या कागदावर दोन्हींची उंची जवळजवळ सारखी, पावणेचार सेंटिमीटरच्या थोडी वर. नुसतं चित्र बघणाऱ्याला वाटेल, दोन्ही संकटं सारखीच होती. प्रत्यक्षात पहिल्या वेळी लाखाचे ३९ हजार उरले, दुसऱ्या वेळी ८५ हजार. लॉग कागदावर पहिली घसरण चार सेंटिमीटरची येते आणि दुसरी जेमतेम सात मिलिमीटरची. २००८ साली ज्यांनी हे सोसलं त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

टीव्हीवरच्या मथळ्यांचंही तेच. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३९० अंशांनी पडला आणि दिवसभर ‘ऐतिहासिक घसरण’ चालू होतं. टक्क्यांत ती पावणेसहा टक्क्यांच्या आत होती. २८ एप्रिल १९९२ ला तो पडला होता फक्त ५७० अंशांनी, पण टक्के पावणेतेरा.

कड्याबद्दलची खरी गंमत पुढे आहे. साध्या चार्टवर रेघ जसजशी उजवीकडे जाते तसतशी जास्त उभी होते, म्हणून मार्केटचा वेग वाढतोय असं वाटतं. लॉगवर चित्र उलटं निघतं. पहिल्या दसपटीला सव्वाअकरा वर्षं लागली, म्हणजे वर्षाला चक्रवाढीने साधारण साडेबावीस टक्के. दुसरीला साडेपंधरा वर्षं, म्हणजे सोळा टक्के. तिसरी दसपट सप्टेंबर २०२४ च्या उच्चांकालाही पुरी झाली नव्हती. फेब्रुवारी २००६ पासून तिथपर्यंतच्या साडेअठरा वर्षांत वाढ झाली साडेआठ पट, म्हणजे वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास. रेघ वर जाते आहे, पण तिचा चढ दर टप्प्याला मंद होतोय. ज्या चार्टकडे बघून लोक ‘कडा’ म्हणतात, त्याच आकड्यांत ही मंदावणारी चाल लपलेली असते. (या आकड्यांत लाभांश नाही आणि महागाई वजा केलेली नाही. ते कुठलीच स्केल तुमच्यासाठी करत नाही.)

मार्केट महाग आहे की स्वस्त, हेही कुठल्याच स्केलवर दिसत नाही. त्यासाठी कंपन्यांचा नफा बघावा लागतो.

याचा अर्थ सगळीकडे लॉग लावत सुटायचं असा नाही. अनेकजण आपल्या एसआयपीच्या एकूण रकमेचा चार्ट लॉगवर बघतात आणि तिथे फसतात. महिन्याला दहा हजार भरले तर बारा हप्त्यांनंतर दहा हजारांचे एक लाख वीस हजार होतात. मार्केट तसूभर हललं नसलं तरी लॉगवर ती बारापट वाढ दिसते आणि पुढच्या वर्षांत रेघ उगाचच मलूल होते. तुमचे स्वतःचे हप्ते परताव्याचं सोंग घेतात. अशा रकमेसाठी साधी स्केलच ठेवा आणि भरलेल्या पैशांची रेघ तिच्यावरच काढा. दोन रेघांमधलं अंतर हा तुमचा नफा. फंडाचा चार्ट बघायचा तर एनएव्हीचा, म्हणजे एका युनिटच्या किमतीचा बघा, तो लॉगवर चालतो.

आणि शून्य किंवा उणे किंमत लॉगवर मांडताच येत नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्या दिवसाला लॉग चार्टवर जागाच नाही.

ट्रेंडलाइन मारणाऱ्यांचा घोळ तर रोजचा. मार्च २००९ चा ८,१६० आणि २३ मार्च २०२० चा २५,९८१ हे दोन तळ जोडून रेघ पुढे मार्च २०२५ पर्यंत न्या. साध्या स्केलवर ती ३४ हजारांच्या आसपास पोचते, लॉगवर ४४ हजारांच्या. तळ तेच, पट्टी तीच, आणि ‘आधार’, म्हणजे घसरण जिथे थांबेल असं मानतात ती पातळी, मात्र दहा हजार अंशांनी वेगळा. सरळ रेघ साध्या स्केलवर दरवर्षी सारखे अंश मिळवते, लॉगवर दरवर्षी सारखे टक्के. म्हणून ‘अमुक वर्षांची ट्रेंडलाइन तुटली’ असं कुणी म्हटलं की आधी विचारा, कुठल्या स्केलवर? दुसऱ्या स्केलवर ती बहुधा तुटलेली नसते, किंवा केव्हाच तुटलेली असते.

ओळखायचं कसं, तर उजवीकडच्या आकड्यांवरून. २०,०००, ४०,०००, ६०,००० यांच्यात सारखं अंतर असेल तर स्केल साधी. वर जाताना ते अंतर आक्रसत गेलं तर लॉग. ट्रेडिंगव्ह्यूवर `Alt + L` दाबलं की स्केल बदलते. सहा महिन्यांच्या चार्टवर हे करून बघाल तर फारसा फरक दिसणार नाही. तळ आणि माथा यांच्यात दुपटीहून जास्त अंतर पडलं की तो डोळ्यांत भरायला लागतो.