सायलेंटवर हरवलेला फोन आणि राउटरची यादी

आई हळदीकुंकवाहून पाचला घरी आली आणि सव्वासहाला तिच्या लक्षात आलं, फोन नाही. फोन सायलेंटवर, गुगल खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. इंदिरानगरमधलं आमचं घर तसं छोटंच, खाली तीन खोल्या आणि गच्चीवर एक. तरी शोधून दमलो.

मग लॅपटॉपवर `192.168.1.1` उघडून वायफाय राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. आईचा फोन त्यात होता, म्हणजे घरातच होता. `RSSI` खाली -70. हा आकडा म्हणजे राउटरला फोन किती जोरात ऐकू येतो ते. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला.

नुसत्या -70 वरून काय कळणार? म्हणून माझा फोन घेऊन प्रत्येक खोलीत मिनिटभर थांबलो आणि बायकोला यादी रिफ्रेश करायला लावली. हॉलमध्ये -40, स्वयंपाकघरात -52, बेडरूममध्ये -58, गच्चीवरच्या खोलीत -71. स्लॅब मध्ये आला की सिग्नल असा पडतो. झालं, फोन वर! अर्धा तास वरची खोली उपसली. काही नाही.

खाली येऊन दुसरा रकाना नीट पाहिला. आधी मी `Lease Time` बघत होतो, पण ती आयपी पत्त्याची मुदत, उलटी मोजली जाते. तिचा इथे उपयोग नाही. `Online Time` मध्ये 1 तास 14 मिनिटं होती. घड्याळात 6:55. म्हणजे फोन 5:41 ला जोडला गेला. पण आई तर पाचलाच आली होती! म्हणजे मधे कधीतरी तो तुटून पुन्हा जोडला गेला. बँडच्या रकान्यात 2.4 होतं, आणि तिचा फोन घरात एरवी 5 गिगाहर्ट्झवर असतो. तो सिग्नल अडथळ्यापुढे लवकर ढेपाळतो. मग 5:41 ला फोनच्या आड असं काय आलं?

"आई, पावणेसहाला काय करत होतीस?"

"चहा झाला, मग पैठणी घडी घालून कपाटात ठेवली."

लोखंडी कपाट, बेडरूममधलं! -58 च्या खोलीतला फोन पत्र्यामागे जाऊन -70 दाखवत होता. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली. स्क्रीन बंद असलेला फोन फारसं बोलत नाही आणि आकडा जुनाच राहतो, म्हणून लॅपटॉपवरून त्याला सतत उत्तर द्यायला लावणारं `ping` चालू ठेवलं आणि दोनतीनदा रिफ्रेश केलं. -70 चा -60 झाला. दोनचार अंकांचा फरक नुसता माणूस मधे आला तरी पडतो. दहाचा तसा सहसा पडत नाही.

फोन पैठणीच्या घडीत होता, आईच्या रुमालात गुंडाळलेला.