जुनी जाळी टाकू नका

“भाड्याच्या घरात नळ, हँडल, हुक असं सगळं बदलत बसता, मालक काही बोलत नाहीत का? आणि घर सोडताना काय करता?”

बोलत नाहीत, कारण मी फक्त तेच बदलते जे हाताने किंवा स्क्रू ड्रायव्हरने निघतं आणि पुन्हा त्याच आट्यांत, त्याच भोकांत बसतं. सोडताना मालकाचं मालकाला परत आणि माझं माझ्या खोक्यात. भिंतीत ड्रिल नाही, नळ मुळापासून काढणं नाही. हात लावण्याआधी मालकांना एकदा विचारते आणि मोबाइलवर फोटो काढून त्यांना पाठवून ठेवते. सांगलीत विश्रामबागेतल्या आत्ताच्या घराचे मालक वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांनी एवढंच सांगितलं, “करा ताई, पण आमचं जुनं भंगारात घालू नका.”

या सगळ्यात पैसा वसूल होतो तो नळाच्या जाळीचा. म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

सिंकच्या नळाच्या टोकाशी एक गोल कडं असतं आणि आत जाळी. हाच एरेटर. तो पाण्यात हवा मिसळतो आणि धार थोडी अडवतो, त्यामुळे पाणी कमी येऊनही धार भरीव वाटते आणि भांड्यावर आपटून अंगावर उडत नाही. भाड्याच्या घरात हे कडं बहुतेक वेळा क्षाराने पांढरं पडलेलं असतं, नाहीतर आतली जाळी कुणीतरी काढूनच टाकलेली असते. काही जुन्या पितळी नळांच्या तोंडाला आटेच नसतात. तसा नळ असेल तर मी नाद सोडते. एरेटरसाठी अख्खा नळ फिरवायला जावं आणि भिंतीतल्या गंजलेल्या जीआय पाइपचे आटे तुटावेत, मग फरशी फोडल्याशिवाय सुटका नाही. ते काम मालकाचं आणि प्लंबरचं.

कडं काढताना त्याच्याभोवती जुनं फडकं गुंडाळायचं आणि पक्कड हलक्या हाताने धरायची, नाहीतर क्रोमवर दातांचे वण उठतात आणि ते डिपॉझिटमधून जातात. दिशा चुकते ती इथे. नळाच्या तोंडाकडे खालून वर बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. वरून बघत असाल तर ते सुलट दिसतं आणि माणूस सैल करायच्या ऐवजी आवळत बसतो. क्षाराने घट्ट बसलेलं असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर बँडने नळाच्या तोंडाला बांधायचा. तासाभराने बहुधा सुटतं. क्रोमवर आंबट रात्रभर ठेवू नका, चकाकी जाते.

निघालेलं कडं तसंच पिशवीत घालून दुकानात न्यायचं. नेहमीची मापं दोन आहेत. नळाला आतून आटे असतील तर २४ मिलिमीटरचा एरेटर त्यात शिरतो, बाहेरून आटे असतील तर २२ मिलिमीटरचा त्यावर चढतो. पण माप पाठ करायची गरज नाही. गणपती पेठेत हार्डवेअरवाल्यासमोर जुनं कडं ठेवलं की तो बघूनच जोडी काढून देतो. दुकानातच नवं आणि जुनं शेजारी धरून आटे जुळवून बघा. घरी आल्यावर नवं बसवायच्या आधी नळ काही सेकंद उघडा सोडायचा, म्हणजे अडकलेला गाळ निघून जातो. मग रबरी वायसर सपाट बसवून हाताने आवळायचं, पक्कड लागत नाही. पाणी कड्याच्या बाजूने झिरपलं तर वायसर तिरका बसलाय असं समजा. अजून आवळून ते थांबणार नाही, आटे मात्र मरतील.

आता हिशोब. जुन्या नळाखाली एक लिटरचा मग धरला तर ५ सेकंदांत भरत होता, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. एरेटर लावल्यावर त्याच मगाला १५ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ४ लिटर. पाकिटावर ८ छापलेलं होतं. दुकानदाराने फसवलं असं नाही. हे आकडे बहुधा ३ बार दाबाचे असतात आणि आपल्याकडे पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून. पाण्याची उंची १० मीटर असेल तेव्हा दाब साधारण १ बार होतो. मी तळमजल्यावर आहे, टाकी माझ्या नळापासून ७ मीटर वर धरली तर दाब ०.७ बार. दाब पावपट झाला की साध्या एरेटरची धार निम्मी होते, त्यामुळे ८ चे ४ होणारच.

गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. तिथे टाकी डोक्यावर २-३ मीटरच असते. माझी एक मैत्रीण मिरजेत अशाच वरच्या मजल्यावर राहते. तिने बचतीच्या उत्साहात ३ लिटरवाला आणला, आणि भांड्याचा साबण जाईना. तिथे एक तर मोठ्या आकड्याचा घ्या किंवा काहीच लावू नका, दाबानेच धार बारीक असते. घ्यायच्या आधी मग आणि घड्याळ घेऊन मोजा. मिनिटाला ६ लिटरच्या आसपासच येत असेल तर एरेटर लावून हाती काही लागणार नाही.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पाणी वाचतं ते नळ चालू ठेवून काम होतं तिथेच. खरकटं विसळताना माझा नळ दिवसातून १० मिनिटं चालू असेल, तर आधी १२० लिटर जायचे, आता ४० जातात. पण १५ लिटरची कळशी भरायला १५ लिटरच लागतात. एरेटरवाल्या नळाखाली ती सव्वा मिनिटाऐवजी पावणेचार मिनिटांत भरते, बस्स. पहिल्याच सकाळी आईने आवाज दिला, “अगं, नळाला काय झालंय? कळशी भरेपर्यंत चहा गार होतोय.” म्हणून सिंक आणि बेसिन एवढ्याच नळांना एरेटर, आणि कळशी, बादली, वॉशिंग मशीनचे नळ जसेच्या तसे. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्याच्या पुढच्या नळालाही लावू नका. ठरावीक प्रवाह मिळाला नाही की तो गीझर पेटत नाही किंवा मधेच बंद पडतो, आणि लोक गीझर दुरुस्तीवाल्याला बोलावत बसतात.

बोअरचं पाणी असेल तर जाळी लवकर बुजते. धार एका बाजूला फाकायला लागली, मधे भोक पडल्यासारखी दिसायला लागली, की कडं उघडायचं, उलटं धरून टूथब्रशने घासायचं आणि लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं. पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला किंवा टाकी धुतली की बारीक खडे येतात. तेव्हा एरेटर काढून आधी पाणी सोडून द्यायचं आणि मग तो परत लावायचा.

हँडलांचं काम सोपं आहे, फक्त माप अचूक हवं. ट्रॉलीच्या हँडलला दोन स्क्रू असतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. भोकाचा मध्य नजरेला सापडत नाही, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं, तेच अंतर येतं. ते ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर असेल तर बाजारात ढिगाने मिळतं. जुन्या फर्निचरला ४ इंच असतं, म्हणजे जवळजवळ १०२. दुकानदार ९६ चं हँडल पुढे करून “बसेल की” म्हणतो. बसत नाही. नवं भोक पाडावं लागतं, आणि नवं भोक आलं की विषय आपल्या हातातून गेला. नव्या हँडलचे पाय जुन्यापेक्षा बारीक घेऊ नका, कारण जुन्याखालचा सनमायका वेगळ्या रंगाचा राहिलेला असतो आणि ती चकती उघडी पडते. स्क्रू आवळताना सनमायका दबायला लागला की थांबायचं.

हुकांबद्दल थोडक्यात. चिकटवायचे हुक फरशीवर, काचेवर आणि ऑइलपेंटवर धरतात. चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर लावले तर हुक गोंदाला धरून राहतो, रंगाचा पापुद्रा मात्र भिंतीला सोडतो. अशा भिंतीवर हाताचं बोट घासून बघा. पांढरं लागलं तर तिथे हुक नको. फरशी स्पिरिटने पुसून वाळवायची, हुक दाबून लावायचा आणि तासभर काही टांगायचं नाही. ओढायची पट्टी असलेला हुक काढताना पट्टी भिंतीला लागून सरळ खाली ओढायची, स्वतःकडे नाही. फोमवाला असेल तर हेअर ड्रायरने गरम करून मागून जाड दोरा करवतीसारखा फिरवायचा आणि उरलेला गोंद खोबरेल तेलाने काढायचा.

आता डबा. काढलेली प्रत्येक वस्तू धुऊन, पूर्ण वाळवून वेगळ्या पुडीत जाते आणि पुडीत चिठ्ठी असते, “सिंक, डावा नळ”, “वरची ट्रॉली” अशी. हँडलबरोबर त्याचेच स्क्रू राहायला हवेत. नव्या हँडलचा स्क्रू जुन्याला लांब पडला तर हँडल आवळून घट्ट होत नाही, खुळखुळतं. सगळे मिसळले तर शेवटच्या दिवशी कुणाचं काय ते कळत नाही. रबरी वायसरला तेल लावून ठेवू नका, रबर फुगतं. तसेही दोन-तीन वर्षं कोरडे पडलेले वायसर कडक होतात, म्हणून घर सोडताना नवे आणते. ते काही रुपयांना मिळतात.

आणि हे परत बसवायचं काम सामान ट्रकात चढताना नाही, आठवडाभर आधी करायचं. जुन्या कड्याचे आटे नीट धरले नाहीत किंवा नळ ठिबकायला लागला तर दुरुस्तीला वेळ राहतो, आणि मालक घर बघायला येतात तेव्हा बेसिनखाली फडकं ठेवलेलं नसतं. आधीच्या घरी मालकीणबाईंना नवी हँडलं आवडली, राहू द्या म्हणाल्या. मी राहू दिली, पण जुन्यांची पुडीही त्यांच्या हातात दिली आणि किल्ल्यांच्या पावतीवर तसं लिहून घेतलं.