आईची पेटी आषाढात दुरुस्तीला देऊ नका

आईला साडी दिली की ती दोन महिन्यांत मावशीच्या अंगावर दिसते. मिक्सर दिला तो घराचा झाला, आणि सकाळी अर्धा तास आधी उठून चटण्या वाटायचं काम तेवढं वाढलं. एकदा पार्लरचं प्रीपेड कार्ड आणलं, ते ताईच्या मुलीच्या हळदीकुंकवाच्या वेळी ताईनेच वापरून संपवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची वस्तू आईच्या हातात टिकणारच नाही. जी घरात फक्त तिलाच वापरता येते अशीच वस्तू तिला द्यायला हवी.

आमच्या घरात अशी वस्तू एकच होती आणि ती माळ्यावर होती. आईची पेटी, म्हणजे हार्मोनियम. लग्नाआधी ती गाणं शिकायची, प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या. पेटी तिच्या वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, साडेतीन सप्तकांची, आत पितळी सुरांच्या दोन ओळी असलेली. लग्नात ती तिच्यासोबत कुडाळला आली. मी दोन-तीन वर्षांचा असताना ती माळ्यावर गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही. ऑगस्टच्या शेवटी आईचा साठावा वाढदिवस होता. तोवर दुरुस्त करून तिच्यासमोर ठेवायची, एवढंच मी ठरवलं.

आई माहेरी गेलेली बघून ६ जुलै २०२४ ला मी पेटी खाली काढली आणि शहरातल्या एका कारागिराकडे नेली. त्यांनी झाकण उचलून दोन पट्ट्या दाबल्या, भाता मारला आणि म्हणाले, "आठ दिवसांनी या. साडेतीन हजार होतील." मला वाटलं, काम झालं.

त्या दिवसापासून आषाढ लागला होता, याचा अर्थ मला कळला नव्हता. सिंधुदुर्गात राहूनही कळला नव्हता, याचं अजून वाईट वाटतं. आषाढी एकादशीला भजनं, मग श्रावण, मग गणपती. गावागावातल्या भजनी मंडळांच्या आणि डबलबारीच्या बुवांच्या पेट्या याच दिवसांत दुरुस्तीला येतात आणि त्यांना ठरल्या तारखेला उभं राहून गायचं असतं. माझ्या पेटीला तसली तारीख नव्हती. एका बाईच्या वाढदिवसाची पेटी रांगेत कायम शेवटी जाणार, हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण झालं तेच.

आठ दिवसांनी गेलो तर "शनिवारी या". शनिवारी दुकान बंद. पुढच्या आठवड्यात "सूर यायचेत". त्यानंतर "आतलं काम झालं, फक्त लावायचं राहिलंय". मी दर वेळी ऑफिसमधून अर्धा दिवस काढून जात होतो आणि घरी खोटं सांगत होतो. १४ ऑगस्टला मी पेटी बघायलाच मागितली. ती टेबलाखाली होती. मी बांधून आणलेली सुतळी तशीच, गाठसुद्धा माझीच. चाळीस दिवसांत तिला हातच लागला नव्हता. रागापेक्षा लाज वाटली, कारण वाढदिवसाच्या दिवशी मी आईला काय देणार होतो?

त्या दिवशी मी पेटी परत घेऊन यायला हवी होती. नाही आणली. दुसऱ्याकडे नेली तर तिथेही हीच रांग, असं वाटलं आणि ते खरंही होतं. वाढदिवसाला मी आईला पेटीचा फोटो दाखवला आणि दुरुस्तीला दिली आहे असं सांगितलं. ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माका कित्याक रे आता? कोण ऐकतलो?" मग भाजी करपेल म्हणून आत गेली.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी देण्याआधी एक काम जरूर करावं, जे मी केलं नव्हतं. झाकण आणि पट्ट्यांवरचा भाग उचलून आतल्या सुरांच्या फळीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. जुन्या पेटीची खरी किंमत तिच्या सुरांत असते. जुने सूर काढून नवे बसवले तरी ओळखता येत नाही, निदान आपल्याला येत नाही. माझ्याकडे फोटो नव्हते, त्यामुळे चार महिने मला हीही धास्ती होती की परत येणारी पेटी आईचीच असेल का.

गणपती झाले. नवरात्र आलं. "दसऱ्यानंतर नक्की." दसऱ्यानंतर दिवाळी. मी दिवाळीनंतर सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो आणि सांगितलं की आज माझ्यासमोर उघडा, मी संध्याकाळपर्यंत थांबतो. हे मी जुलैतच करायला हवं होतं. कारागीर चिडले, पण उघडली. आणि मग मला कळलं की साडेतीन हजारांचा अंदाज त्यांनी आत न बघताच दिला होता.

आधी त्यांनी हवेची वाट बंद करायला बाहेरच्या खुंट्या आत ढकलल्या आणि भाता मारला. चार-पाच वेळा मारल्यावर तो हाताला घट्ट लागायला हवा, पुढे ढकलवत नाही इतका. आमचा घट्ट झाला. म्हणजे भात्याचं कापड आणि कातडं ठीक. मग खुंट्या बाहेर ओढल्या आणि एकही पट्टी न दाबता भाता मारला. आता हवा फुसफुसत निघून गेली आणि दोन सूर आपोआप वाजत राहिले. म्हणजे गळती पट्ट्यांच्या खालच्या बाजूला. प्रत्येक पट्टीखाली भोकावर बसणारी लाकडी झडप असते, तिला खालून मऊ कातडं लावलेलं असतं. माळ्यावर उंदरांनी ते कातडं कुरतडलं होतं. या दोन्ही परीक्षा घरी पाच मिनिटांत होतात. त्या मला ठाऊक असत्या तर दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच मला कळलं असतं की भाता शाबूत आहे आणि पट्ट्यांखालचं कातडं गेलंय.

सुरांची फळी वर काढली तेव्हा सगळं हिरवट झालेलं दिसलं. सूर म्हणजे पितळेची एक पट्टी आणि तिच्या फटीत एका टोकाला रिव्हेटने धरलेली पातळ जिभली. कारागिरांनी कागदाइतका पातळ पत्रा जिभलीखाली सरकवून ती किंचित उचलली, खाली अडकलेली धूळ ब्रशने काढली आणि नखाने टिचकी मारली. मुका सूर बोलला. मग स्वर जुळवायला लागले. जिभलीच्या मोकळ्या टोकाजवळ बारीक खरवडलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ खरवडलं की उतरतो. एकदा काढलेलं पितळ परत लावता येत नाही, म्हणून ते दोनदा घासून थांबायचे, ऐकायचे, पुन्हा दोनदा घासायचे. पेटीत असे चौऱ्याऐंशी सूर. आठ दिवस म्हणणं का चुकीचं होतं ते मला त्या दुपारी समजलं. तरीही चार महिने खोट्या तारखा देणं मला आजही मान्य नाही. "दिवाळीनंतर या" एवढं जुलैत सांगितलं असतं तर मी थांबलो असतो.

तीन सूर मोडलेले निघाले, ते नवे घालावे लागले. त्यांचा आवाज शेजारच्यांपेक्षा जरा कोरडा आहे, आईला ऐकू येतो, मला नाही. कातडं सगळं बदललं. एकूण ५,२०० रुपये. २० नोव्हेंबरला पेटी घरी आली.

आता दुसरा भाग, ज्याचा मी आधी विचारच केला नव्हता. पेटी आली, पण आईला वेळ नव्हता. पहिल्या संध्याकाळी तिने पदराने पट्ट्या पुसल्या, सा धरला आणि तेवढ्यात बाबांनी चहा मागितला. दुसऱ्या दिवशी दूधवाला. तिसऱ्या दिवशी पेटीवर इस्त्रीचे कपडे होते. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा माळ्याच्या वाटेला लागली होती ती.

सांगून काही होणार नाही, हे ताई म्हणाली. आईला कुणी बाहेरचं माणूस थांबलेलं आवडत नाही, आणि भरलेले पैसे फुकट गेलेले तर अजिबात नाही. म्हणून गल्लीतल्या एका निवृत्त संगीत शिक्षिकेकडे मी तीन महिन्यांची फी आगाऊ भरली, सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, बाई आमच्याच घरी येणार. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. सोमवारी बाई दारात आल्यावर मात्र हात धुवून बसली. त्या वेळचा चहा, देवाजवळचा दिवा आणि कुकर मी आणि बाबांनी वाटून घेतला. बाबांचा पहिला भात लागला. आईने आतून वास घेतला, उठायला लागली, आणि बाईंनी सांगितलं की अंतरा पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही.

पूर्वी ती काळी चारचा सा धरून गायची. आता वरचा सा, तार षड्ज, लागत नाही, म्हणून खाली काळी दोनवर आली आहे, आणि पहिले काही आठवडे त्याचं तिला फार वाईट वाटलं. मी दार लोटून घेत असे, कारण मी ऐकतोय हे कळलं की ती थांबायची.

एक राहिलंच. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीवर तर नकोच. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. आमची आता पाटावर असते, सुती चादर घालून, रोज थोडी वाजवली जाते. न वाजवलेली पेटीच जास्त बिघडते, असं बाई म्हणतात.

गुढीपाडवा झाल्यावर पंधरा दिवसांनी कोमल गंधाराची पट्टी दाबली की वर यायला वेळ लावू लागली. मी म्हटलं, बघू, पावसानंतर नेऊ. आईने माझ्याकडून कारागिरांचा नंबर मागून घेतला आणि कपाटातल्या स्वतःच्या डब्यातून पैसे काढून मोजले. फोनवर ती त्यांना सांगत होती, "ह्याच आठवड्यात आणतंय. गुरुवारी माका ती होयी. आषाढाची वाट बघूची नाय."