तुम्ही विचारलंत म्हणून: तो एफ कोणाचा?

"सर, टू-स्टेज चालवलं. फर्स्ट स्टेजचा एफ चाळीस आला, दहापेक्षा कितीतरी जास्त. मग माझं इन्स्ट्रुमेंट स्ट्राँग झालं ना?"

एफ म्हणजे अंदाजामागे किती जोर आहे, ते सांगणारा आकडा. तुमचा चाळीस कशाचा, ते आधी बघा. बेळगावात एम.ए.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की असे कागद माझ्यापुढे येतात, आणि बहुतेकांत तो आकडा सगळ्या समीकरणाचा असतो. आपल्याला हवा असतो एकट्या इन्स्ट्रुमेंटचा.

खानापूर तालुका घ्या. शाळेच्या एका वर्षानं मजुरी किती वाढते, हे शोधायचंय. खटपटी मुलं शिकतातही जास्त, कमावतातही जास्त, म्हणून साधं रिग्रेशन फसवतं. तेव्हा शिक्षण कमीजास्त करणारी, पण मजुरीला थेट हात न लावणारी गोष्ट शोधायची; तेच इन्स्ट्रुमेंट. इथे गावापासून हायस्कूलचं अंतर हे इन्स्ट्रुमेंट धरलं. जांबोटीपलीकडच्या रानातल्या लोकांना अंतर म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही.

पहिल्या पायरीत अंतरावरून शिक्षणाचा अंदाज काढायचा, दुसरीत त्या अंदाजावरून मजुरीचा. इन्स्ट्रुमेंट एकच असेल तर सगळं एका भागाकारावर येतं. समजा, किलोमीटरमागे मजुरी ०.८ टक्के घटते आणि शिक्षण ०.१ वर्षानं. उत्तर ८ टक्के.

आता वडिलांचं शिक्षण समीकरणात घाला. लांबच्या गावांत वडीलही कमी शिकलेले, त्यामुळे अंतराचा स्वतःचा परिणाम ०.०२ वर उतरला आणि स्टँडर्ड एरर आली ०.०१५. दोन्हींच्या भागाकाराचा वर्ग, म्हणजे अंतराचा एफ, जेमतेम १.८. तुमचे चाळीस वडिलांच्या शिक्षणानं मिळवले होते.

यात धोका कुठे? शाळेपासून लांब असलेलं गाव बेळगावच्या बाजारापासूनही लांब असतं. त्या वाटेनं मजुरी थेट ०.४ टक्के घटत असेल, तर ०.१ नं भागल्यावर चूक ४ टक्क्यांची होते. ०.०२ नं भागलं की तीच २० टक्क्यांची.

अशी आडवाट नसली तरी वीक इन्स्ट्रुमेंट उत्तराला साध्या रिग्रेशनकडेच ओढतं. अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये अमेरिकन जनगणनेत जन्माची तिमाही इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरली. १९९५ मध्ये बाउंड, जेगर आणि बेकर यांनी खऱ्या तिमाहीच्या जागी यादृच्छिक आकडे घातले, तरी उत्तरं पटण्याजोगी आली आणि स्टँडर्ड एररनंही काही बिघडल्याची चाहूल दिली नाही. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, कारण मला स्वतःला त्याची धास्ती वाटते.

दहाचा नियम स्टायगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या लेखातला. तो ढोबळ आहे. एकच इन्स्ट्रुमेंट असताना नेहमीच्या टी-चाचणीवर ५ टक्के पातळीला निर्धास्त विसंबायचं, तर एफ १०४.७ हवा, असं २०२२ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून मी अँडरसन-रुबिन चाचणी करायला लावतो. खरं उत्तर कुठून कुठपर्यंत असू शकतं, हे सांगणारा तिचा विश्वासांतराल इन्स्ट्रुमेंट कितीही वीक असलं तरी भरवशाचा राहतो. तुमच्या १.८ ला तो अमर्याद येईल. तो तसाच प्रोजेक्टमध्ये छापा.