तबल्याचा कार्यक्रम, तीन कॅमेरे आणि दोन फ्रेमचा घोळ

आमच्या ओळखीच्या तबला क्लासचा वार्षिक कार्यक्रम कालिदास कलामंदिरात होता, शूट आणि एडिट माझ्याकडे. सात मुलांचं सोलो वादन, मधे मधे निवेदन, एकूण 1 तास 36 मिनिटं. एक कॅमेरा हॉलच्या मागे वाईडला, स्टेजपासून साधारण 24 मीटर, दुसरा पहिल्या रांगेजवळ आणि तिसरा विंगेत, फक्त हातांचा क्लोजअप. तिन्ही सेकंदाला 25 फ्रेमवर, एकदा चालू केले ते शेवटपर्यंत बंद केलेच नाहीत. चांगला आवाज मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला.

घरी येऊन प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही क्लिप आणि रेकॉर्डरची फाईल सिलेक्ट केली, Create Multi-Camera Source Sequence मध्ये Audio निवडलं, मिनिटभरात वेव्हफॉर्म जुळून सगळं सिंक. सुरुवातीच्या टाळ्या बघितल्या, ठीक वाटलं, आणि सरांना पहिल्या मुलाचं वादन पाठवलं. त्यांचा लगेच फोन, "अरे, लांबच्या कॅमेऱ्यात हात आधी पडतोय आणि बोल मागून येतोय, जवळच्यात बरोबर आहे."

आता तबला म्हणजे असं वाद्य आहे की थाप पडलेली डोळ्याला दिसते, गाण्यात ओठांचं थोडं मागेपुढे चालून जातं पण इथे नाही. मी तिहाईचा, म्हणजे शेवटी तीनदा वाजणाऱ्या तुकड्याचा, शेवटचा धा पकडला आणि बाणाच्या कीने एकेक फ्रेम पुढे गेलो, तर वाईडमध्ये बोटं पुडीवर टेकली आणि वेव्हफॉर्मचा टोकदार उंचवटा त्यानंतर दोन फ्रेमनी आला. विंगेतल्या कॅमेऱ्यात दोन्ही एकाच फ्रेमवर.

कारण साधं आहे पण आधी डोक्यात येत नाही. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 24 मीटरला 70 मिलीसेकंद लागतात, आणि 25 फ्रेमला एक फ्रेम 40 मिलीसेकंदांची. मागच्या कॅमेऱ्याच्या माईकला आवाज मुळातच पावणेदोन फ्रेम उशिरा पोचला होता, सॉफ्टवेअरने तो उशिराचा आवाज मिक्सरच्या आवाजाशी बरोब्बर जुळवला आणि त्या नादात चित्र तेवढंच अलीकडे ओढलं गेलं. म्हणजे सिंक चुकलं नव्हतं, आवाजाला आवाज जुळला होता, चित्र जुळलं नव्हतं. मल्टिकॅमची सोर्स सीक्वेन्स उघडून वाईडची क्लिप Alt आणि उजव्या बाणाने दोन फ्रेम पलीकडे ढकलली, झालं.

मग शेवटच्या मुलीचं वादन लावलं तर तिन्ही कॅमेऱ्यांत आवाज सहा फ्रेम उशिरा! हे अंतराचं नाही, कारण अंतराचा फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो, हा हळूहळू वाढत गेला होता. याला ड्रिफ्ट म्हणतात. प्रत्येक मशीनचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं, आणि सहा फ्रेम म्हणजे 240 मिलीसेकंद, 96 मिनिटांवर वाटले तर सेकंदाच्या 48,000 सॅंपलमागे फक्त दोन सॅंपलचा फरक. दहा मिनिटांच्या कामात हे कधी कळणारच नाही, आणि वेव्हफॉर्म सिंक पूर्ण क्लिपला एकच जागा शोधून देतं त्यामुळे सुरुवात जुळलेली दिसली की आपण निर्धास्त होतो.

आवाजाचा स्पीड बदलायचा विचार केला, पण इतका बारीक आकडा तिथे घालता येईना. मग रेकॉर्डरची फाईल प्रत्येक निवेदनाच्या आधीच्या शांततेत कापली आणि पुढचा तुकडा लागेल तसा एकेक फ्रेम अलीकडे ओढला, जोडावर छोटा क्रॉसफेड. एकेक वादन तेरा मिनिटांच्या आतलं, तेवढ्यात ड्रिफ्ट एक फ्रेमसुद्धा होत नाही, म्हणून वादनाच्या मधे कुठेही कात्री लावावी लागली नाही.

एवढं झाल्यावरच स्विचिंगला बसलो. मल्टिकॅम व्ह्यू चालू, प्ले करायचं आणि 1, 2, 3 दाबत अँगल बदलायचे. यात बोट नेहमी थोडं उशिरा पडतं, माझे बहुतेक कट पाच-सहा फ्रेम मागे होते, ते नंतर रोलिंग एडिटने, म्हणजे नुसती कटाची जागा सरकवून, अलीकडे घेतले. आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कट मारायचा नाही हे मला पटलेलं आहे, कारण समेवर कट मारला तर पडणारा हात तुटतो. तीनतालाच्या पंधराव्या-सोळाव्या मात्रेला क्लोजअपवर जायचं, हात वर जाताना दिसतो, धा पडतो आणि तो घुमत असताना वाईड. शेवटच्या मुलीच्या तिहाईला मी असंच केलं, तिसऱ्या धाला हात आणि बोल एकाच फ्रेमवर, मग वाईडमध्ये उठलेला हॉल. ते बघून सर म्हणाले, "आता लागलं."