आमची वाटचाल: डिचोलीच्या चिऱ्याच्या घरातलं स्वयंपाकघर

पहिला फोटो गेल्या पावसाळ्यातला आहे आणि दुसरा काम पूर्ण झाल्यानंतरचा. भिंत एकच आहे आणि कॅमेराही त्याच कोपऱ्यात ठेवला होता.

फोंड्यात आम्ही सुरुवात केली ती फ्लॅटमधल्या मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबच्या कामांनी. पुढे वाड्यावरच्या जुन्या घरांची कामं येऊ लागली. गोव्यात अशा घरात शिरलं की आधी भिंत बघायची आणि मग कपाटाचा विचार करायचा, हा आमचा क्रम तेव्हापासून पक्का झाला. डिचोलीचं हे काम सगळ्या कामांत मनाजवळचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या फोटोत भिंतीला चार फुटांपर्यंत टाइल्स आहेत. ओल लपावी म्हणून त्या लावल्या होत्या. आता टाइल्सच्या वरची कड बघा: तपकिरी पट्टा, रंगाचे पापुद्रे आणि त्यावर पांढरा लोणा. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी शोषून वर चढवतो. बाहेर पडायची वाट टाइल्सनी अडवली की ते आणखी वर चढतं. पूर्वी या भिंतींना चुन्याचा गिलावा असे आणि त्यातून ओल वाळून जाई. या घरात नंतर कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला आणि त्यावर प्लास्टिक पेंट बसला. घरच्या काकी म्हणाल्या, "रंग दरवर्षी देतो हो, पण चतुर्थीपर्यंतसुद्धा टिकत नाही."

ओल हवेतली की भिंतीतली, हे आधी पाहिलं. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ते हवेतलं बाष्प. इथे ते आतल्या बाजूला, भिंतीकडे आले. मग घराबाहेर जाऊन पाहिलं आणि खरं कारण मिळालं. मागच्या अंगणात पेव्हर घालताना जमीन इतकी उंचावली होती की ती आतल्या फरशीच्या वर गेली होती. पागोळ्यांचं पाणी थेट जोत्याला टेकून उभं राहायचं.

म्हणून काम बाहेरून सुरू केलं. भिंतीलगतचे दोन फूट पेव्हर काढले, माती फरशीच्या खाली नऊ इंचांपर्यंत उतरवली, खडी भरली आणि अंगणाच्या उतारावर गटार काढून दिलं. आत टाइल्स आणि सिमेंट ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत खरवडलं, सांधे मोकळे केले आणि उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. अशी भिंत वाळायला दर इंच जाडीला साधारण महिना धरतात, आणि ही भिंत दीड फुटाची. म्हणजे एका उन्हाळ्यात ती पूर्ण वाळणं शक्यच नव्हतं. राहिलेली ओल नंतरही बाहेर पडत राहील असाच गिलावा हवा होता. म्हणून एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग नदीची वाळू आणि थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, असा गिलावा दोन थरांत केला. समुद्राची वाळू चालत नाही, तिच्यातलं मीठ पुन्हा लोणा आणतं. चुना सावकाश धरतो, म्हणून ओली गोणपाटं लावून गिलावा जपला. वर चुन्याचीच सफेदी दिली. पुट्टी नाही, प्लास्टिक पेंट नाही. या बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

आता दुसरा फोटो. जुना कडप्प्याचा ओटा जागच्या जागी घासून घेतला आहे. जुन्या कपाटांचे तळ फुगले होते, पण सागवानी झडपा चांगल्या होत्या, त्या पुन्हा वापरल्या. नवे सांगाडे ओलीत टिकणाऱ्या आयएस ७१० दर्जाच्या मरीन प्लायचे आहेत. ते स्टीलच्या पायांवर फरशीपासून सहा इंच उचलले आहेत, आणि त्यांची पाठ भिंतीपासून दोन इंच सोडली आहे. ही फट फोटोत दिसत नाही, पण कपाटाचं आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे.

पहिल्या पावसाळ्यात थोडा लोणा पुन्हा येईल, हे काकींना आधीच सांगितलं आहे. तो कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर मीठ विरघळून परत भिंतीत जातं.

तुमच्या घराला अशी ओल असेल तर आम्हाला याच पानावरून मेसेज पाठवा. सोबत तीन फोटो हवेत: शेजारी मोजपट्टी धरून ओलीचा पट्टा, त्याच भिंतीची बाहेरची बाजू, आणि वरचं छप्पर किंवा पागोळी. गावाचं नाव आणि भिंत चिऱ्याची की विटांची, तेही लिहा. फोटो बघून आम्ही भेटीचा दिवस आणि भेटीचं शुल्क कळवतो. पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये केलेली बरी, तेव्हा ओल कुठून येते ते स्पष्ट दिसतं. खरवडायचं काम मात्र दिवाळीनंतरच हाती घेतो.