जुनी प्रियस घेताना बॅटरीचं काय केलं (आणि शेवटी किती खर्च आला)

न्यू जर्सीत राहतो, रोजचं ऑफिस बरंच लांब, म्हणून टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी जुनी घ्यायची असं ठरवलं, तिसऱ्या जनरेशनची, म्हणजे अमेरिकेत २०१० ते २०१५ मॉडेलची. घरी, मित्रांत सगळ्यांचं एकच, "अरे बॅटरी गेली की गाडी भंगारात जाणार". तसं काही नसतं. पण बॅटरीचा विचार न करता गाडी घेतली तर मात्र महागात पडतं हे खरं, म्हणून जे केलं ते लिहितोय.

आधी थोडं समजून घेतलं. या गाडीत मागच्या सीटच्या मागे निकेल मेटल हायड्राइड बॅटरी असते, २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेले, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, सगळे मिळून साधारण २०० व्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलची जोडी धरून १४ ब्लॉकचं व्होल्टेज सतत बघत असतो. सगळी २८ एकदम म्हातारी होत नाहीत, हाच मुद्दा आहे. मधली मॉड्यूल जास्त तापतात, त्यांची क्षमता आधी कमी होते, आणि सगळी एकाच माळेत असल्यामुळे जोडीतला एक बैल बसला की गाडा थांबतो तसं होतं. ॲक्सिलरेटर दाबला की कमकुवत ब्लॉकचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा जास्त खाली जातं, चार्ज होताना तेच सगळ्यात आधी वर चढतं. हा फरक फार वाढला की कॉम्प्युटर P0A80 कोड देतो, म्हणजे बॅटरी पॅक बदला.

मैलांपेक्षा वय आणि उष्णता जास्त मारते. त्यामुळे "आजोबांची गाडी, फक्त ५० हजार मैल" ऐकून मी काही खूश होत नाही, महिनोन्महिने उभी राहिलेली बॅटरी पण असमान होते. आणि कंपनीची वॉरंटी या वयाच्या गाडीला धरायचीच नाही. हायब्रिड पार्ट्सना ८ वर्षं किंवा १ लाख मैल, कॅलिफोर्नियाचे नियम पाळणाऱ्या राज्यांत (आमचं न्यू जर्सी त्यात येतं) बॅटरीला १० वर्षं किंवा १.५ लाख मैल, यातलं जे आधी संपेल ते. २०१३ ची गाडी दोन्हीतून बाहेर.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर घेतला, पंचवीस-तीस डॉलरचा, आणि फोनवर डॉ. प्रियस ॲप, त्यात प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज दिसतं. हायवेवरच्या एका छोट्या डीलरकडे एक चकाचक गाडी बघितली, डॅशबोर्डवर एकही लाइट नाही, विकणारा म्हणाला बॅटरी एकदम फर्स्ट क्लास. अडॅप्टर लावून "कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर" बघितलं तर ३८ मैल! आणि एमिशनचे मॉनिटर, म्हणजे धुराच्या यंत्रणेच्या गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, अजून "नॉट रेडी". म्हणजे कोणीतरी नुकताच कोड पुसलाय (किंवा १२ व्होल्टची बॅटरी काढून लावलीय, तेव्हाही हे शून्य होऊ शकतं, म्हणून लगेच चोर म्हणायचं नाही). पण पुसलेला P0A80 थोडी गाडी चालवल्यावर परत येतो आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. मी तिथूनच परत फिरलो.

शेवटी जी घेतली ती एका रिटायर्ड काकांची, २०१३ मॉडेल, १ लाख १८ हजार मैल, मागत होते ८५००. त्यांना म्हटलं काका, अर्धा तास गाडी चालवू दे, थंड गाडीवर टेस्टचा काही उपयोग नाही. बॅटरी गरम झाल्यावर एसी फुल करून चढावर जोरात घेतली, मग उतारावर चार्ज होऊ दिली, आणि बायको शेजारी बसून फोनवर १४ ब्लॉक बघत होती. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या ब्लॉकमधला फरक हलक्या लोडवर ०.२ व्होल्ट, जोर दिल्यावर ०.५ च्या आसपास. चांगली बॅटरी याहून बरी असते, आणि जोर दिल्यावर फरक एक व्होल्टच्या पुढे जायला लागला तर मी ती गाडी घेणार नाही. म्हणजे ही आत्ता चालेल पण म्हातारी झालीय. डॅशबोर्डवरचं चार्जचं मीटरही बघितलं, काही मिनिटांत तळाला जाऊन परत फुल होत असेल तर क्षमता गेलेली असते, इथे तसं नव्हतं.

मागच्या सीटच्या उजव्या बाजूला बॅटरीच्या पंख्याची जाळी असते, तिच्यात कुत्र्याचे केस गच्च अडकलेले (काकांकडे मोठा लॅब्रॅडोर). हवा मिळाली नाही की बॅटरी तापते. काकांना आकडे दाखवले, म्हटलं एक-दोन वर्षांत बॅटरीला दोन हजार घालावे लागतील, ते गाडीच्या किमतीतच धरायला हवेत. बरीच घासाघीस होऊन ७४०० ला दिली. जाळी आणि पंखा साफ करून घेतला, आणि दोन हजार बाजूला टाकले.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते लागलेच. मागचा पंखा जोरात ओरडायला लागला, सिग्नलला उभं असताना इंजिन उगाच सुरू व्हायला लागलं, मायलेज ४८ वरून ४३ वर, आणि एका गरम दुपारी लाल त्रिकोण, P0A80. कोटेशन मागवली. डीलरचं नवं ओरिजिनल पॅक लेबरसकट ३६००, वर जुनं पॅक परत द्यायचं नाहीतर "कोअर" म्हणून हजाराच्या वर कापणार. बाहेरच्या कंपनीचं नव्या सेल्सचं पॅक, घरी येऊन बसवून, १९५०, तीन वर्षांची वॉरंटी. आणि "रीकंडिशन्ड" १२००.

१२०० चा मोह होतोच. पण रीकंडिशन्डमध्ये बहुतेक वेळा मेलेली मॉड्यूल काढून दुसऱ्या जुन्या पॅकमधली बरी वाटणारी घालतात, बाकीची त्याच वयाची तशीच राहतात, मग सहा महिन्यांनी शेजारचं जातं. गाडी लवकरच विकायची असेल तर ठीक, मला अजून चार-पाच वर्षं चालवायची होती. आणि यूट्यूब बघून स्वतः एक मॉड्यूल बदलायचा विचार कोणाच्या मनात असेल तर कृपया नको, २०० व्होल्ट डीसी आहे, नारिंगी सर्व्हिस प्लग काढला तरी पॅकच्या आतल्या मॉड्यूल्समध्ये व्होल्टेज असतंच.

१९५० चं घेतलं. मेकॅनिक सकाळी आला, दुपारपर्यंत ड्राइव्हवेमध्येच काम झालं, जुनं पॅक तोच घेऊन गेला. त्याने जुन्यातल्या, मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या, हिरव्या पडलेल्या. नवीन पॅकबरोबर नव्या पट्ट्या आहेत ना हे आधीच विचारून ठेवा, कारण गंजलेल्या पट्टीमुळेही व्होल्टेज चुकीचं दिसतं. आता जोर दिल्यावर फरक ०.१ च्या आसपास, मायलेज परत ४७-४८.

म्हणजे गाडी ७४०० आणि बॅटरी १९५०, एकूण ९३५०. सगळे बॅटरीलाच घाबरतात, पण या जनरेशनची खरी डोकेदुखी ईजीआर कूलर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर थंड करून परत इंजिनात सोडणारा भाग, तो काजळीने चोंदला की पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या आतलं सील, जाऊ शकतं आणि ते बिल बॅटरीपेक्षा मोठं असतं. ईजीआर साफ करायचे मेकॅनिक ५०० सांगतोय, पुढच्या महिन्यात करून घेणार आहे.